मेथीची एक जुडी कितीला?

भाषा शिकवणाऱ्या इन्स्टाग्राम पानांवर एक साचा हमखास दिसतो. अंगठ्याने एकामागून एक सरकवायच्या आठ-दहा स्लाइड. प्रत्येकीवर एक नवा शब्द, त्याचा अर्थ आणि एक उदाहरणवाक्य. याला कॅरोसेल म्हणतात. इन्स्टाग्रामने ही सोय २०१७ साली दिली तेव्हा एका पोस्टमध्ये दहा चित्रं मावत असत. २०२४ पासून वीस मावतात. जर्मन, जपानी, स्पॅनिश शिकवणाऱ्या शिक्षकांनी हा साचा केव्हाच आपलासा केला. अमराठी लोकांना मराठी शिकवणारे आम्ही काहीजणही तो वापरतो. नोकरीसाठी पुण्या-मुंबईत आलेल्या माणसाला संध्याकाळच्या वर्गाला येणं जमत नाही, पण लोकलमध्ये उभ्या उभ्या पाच मिनिटं फोन बघणं जमतं. त्या पाच मिनिटांत त्याच्या हाती काय लागतं, हे स्लाइडवरच्या वाक्यावर ठरतं. शब्द आणि अर्थ कोशातही मिळतात. वाक्य मात्र शिक्षकालाच घडवावं लागतं, आणि बहुतेक कॅरोसेल तिथेच कच्चे राहतात.

हे नुसतं सांगून पटणार नाही, म्हणून एक कॅरोसेल पहिल्या स्लाइडपासून करून पाहू. विषय साधा घेऊ: भाजीबाजार. शिकणारी व्यक्ती हिंदी भाषक, देवनागरी वाचणारी, मराठीची दोन-तीनशे शब्दांपर्यंत ओळख झालेली.

शब्द निवडताना हात आपोआप भाज्यांच्या नावांकडे जातो. दुधी, दोडका, घोसाळं, पडवळ, कारलं, तोंडली, भेंडी. सात भाज्या, सात स्लाइड, सात सुंदर फोटो. दिसायला छान, शिकायला अवघड. थॉमस टिंकहॅम नावाच्या अभ्यासकाने १९९३ आणि १९९७ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच जातीचे नवे शब्द एकत्र दिले तर ते एकमेकांत गुंततात आणि लक्षात राहायला जास्त वेळ घेतात. कारण समजायला कठीण नाही. दोडका आणि घोसाळं ही दोन्ही नावं एकाच दिवशी नवी असतील, तर दोन शब्द आणि दोन वस्तू कळूनही कुठलं नाव कोणाचं हे नेमकं निसटतं. याउलट एकाच प्रसंगात भेटणारे पण वेगवेगळ्या जातीचे शब्द, म्हणजे एखादी वस्तू, एखादं विशेषण, एखादं क्रियापद, असे एकमेकांना धरून राहतात. म्हणून भाज्यांची नावं नकोत, भाजी घेण्याचा प्रसंग हवा.

त्या प्रसंगातून पाच शब्द घेऊ: पिशवी, जुडी, कोवळी, परवडणं, सुटे. बाजारात ज्या क्रमाने ते लागतात तोच स्लाइडचा क्रम. आधी माझ्या यादीत ‘निवडणं’ही होतं, पालेभाजी निवडतात त्या अर्थाने. पण ‘परवडणं’ आणि ‘निवडणं’ यांचं शेपूट सारखं आहे. मराठी कानाला ते शब्द अगदी वेगळे वाटतात. नवख्याला मात्र दोन्ही ‘वडणं’ एवढेच ऐकू येतात. दिसण्या-ऐकण्यातलं असं साम्यही गोंधळ करतं, म्हणून ‘निवडणं’ पुढच्या एखाद्या आठवड्यासाठी. तोच नियम विरुद्धार्थी शब्दांना. ‘कोवळी’ शिकवताना ‘जून’ लगेच जोडून द्यावासा वाटतो. दोन्ही नवे शब्द एकत्र दिले की शिकणाऱ्याला जोडी आठवते, पण कोवळी कुठली आणि जून कुठली हे आठवत नाही. आधी एक शब्द पक्का होऊ द्यावा, मग त्याचा जोडीदार आणावा.

आता जुडीची स्लाइड. पहिलं सुचणारं वाक्य असतं: ‘ही जुडी आहे.’ वाक्य शुद्ध आहे, पण त्यातून काहीच कळत नाही. जुडीच्या जागी खुर्ची, मांजर, नदी काहीही चालेल. माझी कसोटी अशी: नवा शब्द बोटाने झाका आणि उरलेल्या वाक्यावरून तिथे कोणत्या प्रकारचा शब्द असेल याचा अंदाज येतो का ते पाहा. ‘ही ____ आहे’ यावरून अंदाज येत नाही. ‘मी काल जुडी आणली’ यावरूनही येत नाही. दुसऱ्या टोकाला भाषेच्या प्रेमात पडलेला शिक्षक असतो. तो लिहितो: ‘पहाटे खुडलेल्या कोथिंबिरीच्या दवाने भिजलेल्या जुड्यांचा ढीग पाहून मन प्रसन्न झालं.’ यात जुडीच्या आजूबाजूला खुडणं, दव, ढीग हे तीन अनोळखी शब्द उभे आहेत. दुसरी कसोटी इथूनच येते: वाक्यात नवा शब्द एकच असावा, बाकीचे सगळे ओळखीचे.

‘मेथीची एक जुडी कितीला?’ हे वाक्य दोन्ही कसोट्यांना उतरतं. शब्द झाकला तरी ‘मेथीची एक ____ कितीला?’ यावरून मेथी मोजून विकण्याचं ते काहीतरी माप आहे, हे कळतं. मेथी हिंदीतही मेथीच. ‘एक’ आणि ‘कितीला’ पहिल्या महिन्यात झालेले असतात. शिवाय हे वाक्य जसंच्या तसं गाळ्यावर बोलता येतं, आणि माझ्या दृष्टीने हा त्याचा मोठा गुण आहे. ‘मी काल जुडी आणली’ हे कोणाला सांगायचं?

मेथीच का, कोथिंबीर का नाही, यालाही कारण आहे. मेथीला ‘ची’ लागलं की ‘मेथीची’ होतं, मूळ शब्द तसाच राहतो. कोथिंबिरीला प्रत्यय लावताना मात्र आतली वेलांटीही बदलते: कोथिंबीर, कोथिंबिरीची. पालक घेतला तर ‘पालकाची’, म्हणजे मध्ये ‘आ’ शिरतो. आपण हे जन्मभर विचार न करता करतो, म्हणून वाक्य लिहिताना ते आपल्या ध्यानात येत नाही. शिकणाऱ्याचं लक्ष मात्र तिथेच अडकतं आणि जुडी बाजूला राहते. सामान्यरूप शिकवायचं तर त्यासाठी वेगळा कॅरोसेल करावा. दुसऱ्या शब्दाच्या उदाहरणात ते चोरपावलांनी आणू नये.

लिंग मात्र पहिल्याच दिवशी सांगावं लागतं. हिंदीत दोनच लिंगं आहेत, मराठीत तीन. त्यात समान शब्दांची लिंगं दोन भाषांत बदलतात. हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी, मराठीत नपुंसकलिंगी. हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. जुन्या कोशकारांनी हे ओळखलं होतं. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात नामापुढे लिंग दिलेलं असतं. पण स्लाइडवर ‘स्त्री.’ असं बारीक अक्षरात लिहून फारसं साधत नाही, कारण ते कोणी वाचत नाही. त्याऐवजी शब्दच जोडून छापावा: ‘ती जुडी’. आणि त्याखाली लहान अक्षरात ‘दोन जुड्या’. एवढ्यात लिंग आणि अनेकवचन दोन्ही आलं, व्याकरणाचा एकही शब्द न वापरता. ‘एक जुडी, दोन जुड्या’ हे बाजारात लगेच लागतंच.

अर्थ देताना हिंदी भाषकासाठी ‘गड्डी’ हा हिंदी शब्द पुरेसा आहे. केरळहून आलेल्याला हिंदीही परकी असू शकते, म्हणून शिक्षक चित्र देतो. चित्राचा धोका असा की मेथीच्या एका जुडीचा फोटो दिला तर पाहणारा ‘जुडी म्हणजे मेथी’ असं धरून बसतो. फोटोत मेथी पानांसकट समोर दिसते; बांधलेला गठ्ठा हा अर्थ दिसत नाही, तो मनाने काढावा लागतो. उपाय सोपा आहे: एकाच चित्रात मेथीची, शेपूची आणि कांदापातीची अशा तीन जुड्या शेजारी ठेवाव्यात. तिन्हींत समान काय ते डोळा स्वतःच शोधतो.

कोवळी या शब्दाला वाक्य शोधायला वेळ लागतो. ‘भेंडी कोवळी आहे’ हे पुन्हा झाकून पाहण्याच्या कसोटीत नापास. महाग, हिरवी, ताजी काहीही चालेल. बाजारात भेंडी कोवळी आहे की नाही हे बायका शेंडा मोडून बघतात. कट्कन मोडला तर कोवळी, नुसता वाकला तर नाही. ही कृतीच वाक्यात घ्यावी: ‘बघा, लगेच मोडते. कोवळी आहे.’ सोबत शेंडा मोडणाऱ्या बोटांचं चित्र. मोडणं हे क्रियापद आधीच्या एखाद्या कॅरोसेलमध्ये होऊन गेलेलं असायला हवं. नसेल तर शब्दांचा आठवड्याचा क्रमच बदलावा लागतो. म्हणून मी वहीत एक यादी ठेवते, आजवर कोणते शब्द दिले त्यांची. नवं वाक्य लिहिलं की त्यातला प्रत्येक शब्द त्या यादीत आहे का ते पाहायचं. काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

परवडणं या शब्दाचा अर्थ हिंदीत एका शब्दात सांगता येत नाही. इथे वाक्याला अर्थाचंही काम करावं लागतं: ‘जुडीला चाळीस रुपये? नाही परवडत मला.’ यात आधीच्या स्लाइडवरची जुडी परत आली, किंमत आली, नकार आला, आणि ‘मला’ आल्यामुळे या क्रियापदाची रचनाही आली. ‘मी परवडत नाही’ असं म्हणण्याची चूक नवखे करतातच. ‘मला’सकट वाक्य तोंडात बसलं तर ती आपोआप टळते. सुटे या शब्दाला वाक्य सहज मिळतं: ‘माझ्याकडे पाचशेची नोट आहे. सुटे आहेत का?’ आणि पहिल्या स्लाइडवरच्या पिशवीला: ‘पिशवी नको, माझ्याकडे आहे.’

आता मांडणी. उभं चित्र १०८० बाय १३५० पिक्सेलचं केलं तर फोनचा पडदा बराचसा व्यापतो. वाक्य सर्वांत मोठ्या अक्षरात, नवा शब्द त्यातच वेगळ्या रंगात. खाली ‘ती जुडी, दोन जुड्या’. अर्थ सगळ्यांत खाली, लहान अक्षरात. नेहमीचा क्रम शब्द, अर्थ, वाक्य असा असतो. तो मी उलटा करते, कारण अर्थ वर असला की डोळा तेवढंच टिपून पुढे सरकतो आणि वाक्य वाचलंच जात नाही. वाक्य आधी आलं तर निदान क्षणभर अंदाज बांधावा लागतो. आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पहिली स्लाइड पाहून कोणी पुढे गेलं तर इन्स्टाग्राम तीच पोस्ट पुन्हा दाखवताना अनेकदा दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतो. म्हणून मुखपृष्ठावर ‘आजचा विषय भाजीबाजार’ लिहून पुढच्या स्लाइड त्याच्या भरवशावर सोडता येत नाहीत. प्रत्येक स्लाइड एकटी उघडली तरी कळली पाहिजे.

इथवर मुखपृष्ठ आणि पाच शब्द झाले. बहुतेक कॅरोसेल इथे संपतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं की पाच शब्द आले. हे वाटणं किती फसवं असतं, यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो मांडला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना चाळीस स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थांसह दिले. शब्द एकदा आठवता आल्यावर काहींनी ते फक्त पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी ते न पाहता पुन्हा पुन्हा आठवून पाहिले. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून पाहणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द आले. नुसते वाचत राहिलेल्यांना ३५ टक्क्यांच्या आसपास. आणि आपल्याला किती आठवेल याचा विद्यार्थ्यांनी स्वतः आधी बांधलेला अंदाज सगळ्या गटांत जवळपास सारखाच, निम्म्याच्या आसपास होता. म्हणजे वाचत राहणाऱ्याला आपलं कमी पडतंय हे कळतही नाही. कॅरोसेल सेव्ह करून ठेवणाऱ्यांचं हेच होतं. सेव्हचा आकडा शिक्षकाला सुखावतो, पण तो फार तर आवडल्याची खूण आहे.

म्हणून सातवी स्लाइड गाळलेल्या जागांची. तीच पाच वाक्यं द्यायची नाहीत, कारण मग शब्दाऐवजी वाक्याचा आकार आठवतो. थोडी बदललेली द्यायची: ‘शेपूच्या दोन ____ द्या.’ ‘किलोला दोनशे? नाही ____.’ ‘शंभराचे ____ आहेत?’ पहिल्या वाक्यात ‘जुडी’ लिहून भागत नाही, ‘जुड्या’ लागतं. उत्तरं आठव्या स्लाइडवर. सरकवण्याच्या त्या एका हालचालीचा या साच्यात हाच खरा उपयोग आहे: प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये एक थांबा तयार होतो. उत्तरं त्याच स्लाइडच्या तळाशी उलटी छापली, तर फोन फिरवायच्या आधीच डोळा ती वाचून मोकळा होतो.

दोन-तीन दिवसांनी शब्द पुन्हा भेटले नाहीत तर यातलं पुष्कळ वाहून जातं. न उजळलेली गोष्ट सुरुवातीलाच झपाट्याने विसरली जाते, हे हर्मान एबिंगहाउसने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली लिहून ठेवलं आहे. हाच कॅरोसेल परत टाकला तर लोक ‘पाहिलंय’ म्हणून सरकवतात. त्याऐवजी आधीचे शब्द पुढच्या विषयाच्या वाक्यांत यावेत. पुढचा विषय समजा रिक्षा असेल, तर ‘रिक्षात पिशवी राहिली’ आणि ‘मीटरने साठ झाले, सुटे द्या’. पिशवी बाजारातून रिक्षात आली की ती फक्त त्या चित्रापुरती राहत नाही.

नववी स्लाइड आवाजाची, कारण चित्राला उच्चार नसतो. कॅरोसेलमध्ये चित्रांच्या मधे छोटा व्हिडिओ घालता येतो, त्यात पाचही वाक्यं सावकाश आणि मग नेहमीच्या वेगाने बोलावीत. ‘कोवळी’तला ळ हिंदी भाषक बहुधा ल किंवा ड करून टाकतो, तो ऐकल्याशिवाय येत नाही. च आणि ज यांचे मराठीत दोन उच्चार आहेत आणि लिपीत ते वेगळे दिसत नाहीत: चार आणि चाक, दोन्हींत तोच च लिहिला जातो. पुढे कधी जून भेंडी शिकवायची वेळ येईल, तेव्हा कॅलेंडरातला जून आणि भाजीवाल्याचा जून कागदावर एकच दिसतील. तिथे लिखित स्लाइड हात टेकते.

पोस्ट करण्याआधी एक तपासणी मी कधीच टाळत नाही: तयार चित्र फोनवर उघडून प्रत्येक जोडाक्षर वाचायचं. चित्रं बनवण्याच्या सगळ्याच साधनांना आणि अक्षरसाच्यांना मराठी नीट येत नाही. ‘दुसऱ्या गाळ्यावर’मधला चंद्रकोरीसारखा र मोडून ‘दुसर्या’ होतो, कुठे हलन्त उघडा पडतो, कुठे ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. आपण मराठी वाचक संदर्भाने बरोबर वाचून जातो, म्हणून चूक दिसत नाही. शिकणारा मात्र तीच आकृती वहीत उतरवतो. आणि पोस्ट झालेल्या कॅरोसेलमधली स्लाइड काढता येते, बदलता येत नाही. दुरुस्तीला फक्त खालचा मजकूर मोकळा राहतो. त्या मजकुरात पाचही शब्द आणि वाक्यं टंकून ठेवावीत. चित्रातली अक्षरं शोधाला सापडत नाहीत, नक्कल करून घेता येत नाहीत, आणि न दिसणाऱ्या माणसाचा फोन ती वाचून दाखवेल याची खात्री नसते. त्यासाठी प्रत्येक चित्राला पर्यायी मजकूर जोडण्याची सोय आहे. ती वापरायला पाच मिनिटं लागतात.

मग खरंच कोणाला काय आलं, हे कसं कळायचं? मी शिकणाऱ्यांना एक काम देते: बाजारातून घरी आलात की तिथे काय बोललात ते आवाजी संदेशात मला परत बोलून दाखवा. त्यात चुका उघड होतात आणि प्रत्येक चूक एखाद्या स्लाइडकडे बोट दाखवते. ‘दोन जुडी द्या’ असं दोघा-तिघांनी म्हटलं तर ‘दोन जुड्या’ हे अक्षर फार लहान छापलं गेलं आहे. ‘मेथीचा जुडी’ असं ऐकू आलं तर ‘ची’ मेथीमुळे नाही, जुडीमुळे आलं हे पोचलेलं नाही. तिथे ‘मेथीची जुडी’ शेजारी ‘मेथीचा पराठा’ ठेवणारी एक वेगळी स्लाइड लागेल. आणि ‘कोवळी’ कोणाच्याच तोंडी आली नाही, तर बहुधा त्यांना भेंडीचा शेंडा मोडायला भाजीवाल्याने परवानगी दिलेली नाही. मग पुढच्या भाजीच्या कॅरोसेलमध्ये ‘मोडून बघू का?’ हे वाक्य आधी शिकवायला हवं, आणि ‘जून’ त्यानंतर.